अक्षता 6.58 ला पडतील: भाचीच्या लग्नाच्या एका मेसेजची गोष्ट

मी इंदूरला पत्रिका कंपोझ करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे घरात कोणाचंही लग्न निघालं की मजकूर माझ्याच गळ्यात पडतो. भाचीचं ठरलं तेव्हा पण तसंच झालं. छापील पत्रिका दोन दिवसांत झाली, तिच्यात काही विशेष नव्हतं. खरा वेळ गेला तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या मेसेजमध्ये, ११ दिवस लागले आणि मसुदे झाले चार. हे सगळं लिहून ठेवतोय कारण यातल्या बऱ्याचशा चुका मलाही आधी दिसल्या नव्हत्या. नावं बदलली आहेत, कार्यालयाचं नाव मुद्दाम गाळलंय.

लग्न २२ मे २०२५, गुरुवार, गोरज मुहूर्त, इंदूरमध्ये अन्नपूर्णा रोडला. पाहुणे म्हणजे आपल्याकडच्या मराठी घरात असतात तसे चहूकडे पसरलेले. ताईच्या सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणतात, वय ८४, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. भाऊजींची बहीण उज्जैनला, म्हणजे मुलीची आत्या. भाऊजींचे चुलत भाऊ ग्वाल्हेरला, दादाकाका, मराठी एकदम जुन्या वळणाची. मामेभाऊ बडोद्याला, त्यांची पोरं गुजराती मीडियममध्ये शिकलेली. एक जावई मालवी, घरात हिंदी, आणि माझा स्वतःचा पोरगा १९ वर्षांचा, इंग्लिश मीडियम, मराठी बोलतो झकास पण वाचताना अडखळतो. या सगळ्यांना एकच मेसेज जाणार होता. वेगवेगळे करा असं मी सुचवलं होतं, पण ताईचं म्हणणं की मग कोणाला काय पाठवलं याचाच घोळ होईल आणि हिला गोड लिहिलं मला कोरडं लिहिलं हे सुरू होईल. बरोबरच होतं तिचं.

पहिला मसुदा ताईने केला, खरं तर केला नाही, उचलला. मी पत्रिकेची फाईल तिला चेक करायला पाठवली होती, तिने त्यातून मजकूर कॉपी केला आणि चिकटवला. आमच्या प्रेसमध्ये अजूनही कृतिदेव फॉन्ट चालतो, तो युनिकोड नाही, म्हणजे स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं भरलेली असतात. त्यामुळे फोनवर गेलं ते असं:

```
vkeps ;sFks Jhd`isd:u
```

हे म्हणजे "आमचे येथे श्रीकृपेकरून". ताईला वाटलं फोन हॅक झाला. आता हसू येतं, पण हे मी दर सीझनला बघतो, लोक प्रेसकडून फाईल घेतात आणि तिथून कॉपी करतात. प्रेसवाल्याकडून मजकूर घ्यायचा असेल तर युनिकोडमध्ये बदलून दे असं सांगायचं, नाहीतर सरळ फोनवर परत टाईप करायचा, २० मिनिटांचं काम आहे.

मग मी कन्व्हर्ट करून दिला तो मजकूर असा होता. वरच्या देवादिकांच्या पाच ओळी आणि शेवटची निमंत्रकांची यादी गाळून देतोय:

```
आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या
चि. सौ. कां. अनघा हिचा शुभविवाह चि. निखिल
यांचेशी मिती वैशाख वद्य १० शके १९४७ रोजी
गोरज मुहूर्तावर सायं. ६ वा. ५८ मि. या शुभवेळी
करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण
सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस
शुभाशीर्वाद द्यावेत ही नम्र विनंती.
```

याच्या खाली कार्यक्रमाची यादी आणि त्यात तारीख. भाषा पत्रिकेत शोभते, मला स्वतःला आवडते, मी आयुष्यभर हेच कंपोझ केलंय. १९ एप्रिलला ताईने हा मेसेज फक्त घरच्या ग्रुपवर टाकला, कसा वाटतो ते सांगा म्हणून. अर्ध्या तासात उज्जैनहून आत्याचा फोन, आवाज चढलेला, चार दिवसांवर लग्न आणि आत्ता कळवताय होय रे, मी काय परकी आहे का!

आम्हाला काही कळेचना, लग्नाला महिना होता. झालं होतं काय की मेसेज लांब, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपने तो मध्येच कापला आणि खाली Read more आलं. आत्याने ते उघडलंच नाही. तिला दिसली तिथी, वैशाख वद्य १०, आणि तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. तिच्या भिंतीवर हिंदी पंचांग असतं, इंदूर-उज्जैनकडे निम्म्या मराठी घरांतही तेच असतं कारण सुट्ट्या इथल्या लागतात. त्यात वैशाख कृष्ण १० ला तारीख होती २३ एप्रिल.

चूक आत्याची नव्हती. आपलं मराठी पंचांग अमावस्येला महिना संपवतं, हिंदी पंचांग पौर्णिमेला संपवतं. शुक्ल पक्षात दोघांचं महिन्याचं नाव सारखंच येतं, म्हणून गुढीपाडवा, अक्षय तृतीया याला कधी भांडण होत नाही. पण वद्य पक्ष आला की हिंदीवाले एक महिना पुढचं नाव लावतात. आपली श्रावण वद्य अष्टमीची गोकुळाष्टमी त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस तोच. तसंच आपली वैशाख वद्य दशमी, म्हणजे २२ मे, त्यांच्या कॅलेंडरात ज्येष्ठ कृष्ण दशमी म्हणून छापलेली. आणि त्यांची वैशाख कृष्ण दशमी त्याच्या महिनाभर आधी होऊन जाते. पत्रिकेत वद्य तिथी असली आणि पाहुणे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थानचे असले की हा खड्डा असतोच, कोणी पडतं कोणी नाही एवढंच. बडोद्याच्या पाहुण्यांना काही अडचण आली नाही, कारण गुजराती पंचांगही अमावस्येलाच महिना संपवतं, तिथे वैशाख वद म्हणजे आपलाच वैशाख वद्य. पण तोपर्यंत आत्याने ग्वाल्हेरला फोन करून झाला होता आणि तिथे एक वहिनी रात्री तिकिटं शोधून राहिल्या होत्या.

माझं पहिलं मत होतं की तिथी काढूनच टाकू. माईंनी नाही म्हटलं, तिथीशिवाय लग्न म्हणजे काय कोर्टातलं लग्न आहे का. मग दोन दिवस मी तारखेसमोर कंसात तिथी, त्यात परत "मराठी पंचांगाप्रमाणे" असं काही काही जुळवत बसलो, आणि ते इतकं खरखरीत दिसत होतं की वाचवेना. शेवटी मार्ग माईंनीच काढला. त्या म्हणाल्या, अरे दुसऱ्या दिवशी २३ ला अपरा एकादशी आहे, जे एकादशी करतात त्यांना सांग एकादशीच्या आदल्या दिवशी लग्न आहे, लगेच कळेल, आणि जेवायलाही येतील. हे भारी होतं, कारण एकादशीचं नाव दोन्हीकडे एकच, अपरा ती अपराच, महिन्याचं नाव मध्ये येतच नाही. मेसेजात ठेवली फक्त तारीख आणि वार, तिथी छापील पत्रिकेत राहिली, आणि माईंच्या वयाच्या मंडळींना फोनवर सांगताना एकादशीच्या आदला दिवस असं सांगायचं ठरलं. वार मात्र तारखेच्या आधी लिहायचा यावर मी अडून बसलो, कारण तारीख टाईप करताना चुकली तर वार ती चूक पकडून देतो. २२ आणि गुरुवार जुळलं नाही तर कोणीतरी विचारतंच.

आता आकडे. माझ्या पोराला मी हाच पहिला मसुदा मोठ्याने वाचायला दिला. "वद्य नव्वद" असं वाचलं त्याने. नव्वद कुठून आले तर १ त्याला 9 दिसतो, आणि खरंच बघा, देवनागरी १ आणि इंग्रजी 9 अगदी मावसभाऊ दिसतात. तसंच ५ त्याला 4 सारखा वाटतो आणि ४ त्याला 8 सारखा. "६ वा. ५८ मि." यावर तो थांबलाच. उलट माईंना इंग्रजी आकडे अजिबात अडत नाहीत, घड्याळ, कॅलेंडर, नोटा, गॅसची पावती, सगळीकडे तेच बघतात त्या. म्हणजे देवनागरी आकड्यांनी एका पिढीची अडचण होते आणि इंग्रजी आकड्यांनी कोणाचीच होत नाही. मी देवनागरी आकड्यांवर प्रेम करणारा माणूस आहे, हे लिहिताना पण तेच वापरतोय, पण तारीख आणि वेळ इंग्रजीत गेली. फोन नंबरचं अजून एक, देवनागरीत लिहिलेल्या नंबरावर बोट ठेवून आमच्या घरातल्या फोनांवर कॉल लागत नव्हता, माणसाला परत एकेक आकडा दाबावा लागत होता.

बडोद्याच्या पोरीने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. "काका, चि. सौ. कां. मधला कां म्हणजे का? व्हाय?" मी सांगितलं की सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे सौभाग्याची इच्छा असलेली, लग्नाआधीच्या मुलीला लावतात, लग्न झालं की कां. जातो आणि सौ. उरतं. तिला गंमत वाटली, पण हे समजवावं लागलं म्हणजे मेसेजात ते ओझंच होतं. सायं., वा., मि., दि., ही सगळी संक्षिप्तं पत्रिकेत जागा वाचवतात. फोनवर जागेचे पैसे लागत नाहीत, संध्याकाळी असं सरळ लिहा ना.

दुसरा मसुदा पोराने केला, मुद्दाम त्यालाच दिला. तो असा:

```
अनघा वेड्स निखिल
22 मे, 6.58 PM
अन्नपूर्णा रोड, इंदूर
प्लीज कन्फर्म
```

कळायला एक सेकंद. ग्वाल्हेरच्या दादाकाकांना दाखवला तर त्यांचं एकच वाक्य आलं, "हे बोलावणं आहे की बँकेचा मेसेज?" आणि मला त्यांचं पटलं. माहिती सगळी होती पण बोलावणारं माणूसच त्यात नव्हतं. कोण बोलावतंय, कोणाच्या घरचं कार्य आहे, मला का बोलावतायत, काहीच नाही. दादाकाकांच्या पिढीला घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या नावाने बोलावणं आलं की ते बोलावणं.

मग इथून पुढे खरं काम सुरू झालं, कारण आपुलकी आणायला गेलं की लगेच प्रश्न येतो, तू म्हणायचं की तुम्ही की आपण. "आपण उपस्थित राहावे" हे दादाकाकांना बरोबर, पण माझ्या पोराला आणि त्याच्या बडोद्याच्या बहिणीला ते सरकारी वाटतं, स्वतःच्या काकाने आपल्याला आपण म्हटलं की काहीतरी बिनसलंय असं वाटतं. "नक्की ये" हे पोरांना गोड, पण तेच दादाकाकांना गेलं तर महाभारत. "या" म्हटलं तर मोठ्यांना चालतं पण आत्याला ताईच्या घरी सगळे ए आत्या म्हणतात, तिला "या" म्हणजे दूर लोटल्यासारखं.

यावर मराठीत एक तोड आधीपासून आहे, आपण रोज वापरतो आणि लक्षात येत नाही. "यायचं हं." बस. यात तू नाही, तुम्ही नाही, आपण नाही. आजीला म्हणा, नातवाला म्हणा, व्याह्यांना म्हणा, सगळीकडे चालतं आणि शिवाय त्यात हक्काचा सूर आहे, विनंतीचा नाही. यायचं, पोचायचं, कळवायचं, राहायचं, सगळी क्रियापदं अशी वळवता येतात. अर्थात सगळीच वळवली तर शाळेच्या सहलीच्या सूचना वाटतील, मी पहिल्यांदा तशी केली होती आणि ताई म्हणाली डबा आणि पाण्याची बाटली पण आणायची का. म्हणून दोनच ठेवली, बाकी ठिकाणी "तुम्ही सगळे", कारण अनेकवचन झालं की आदराचा प्रश्न आपोआप मिटतो.

"सहकुटुंब सहपरिवार" काढायला माझा हात धजत नव्हता. पण यात पण घोळ आहे. जुन्या लोकांत कुटुंब म्हणजे बायको, "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असं म्हणणारे आजोबा आम्ही पाहिलेत, म्हणून सहकुटुंब आणि सहपरिवार हे दोन वेगळे शब्द एकापुढे एक आले. नव्या वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, आणि किती जणांना बोलावलंय ते दोन्हीतून कळत नाही. "तुम्ही सगळे" मध्ये ते येतं.

वेळेचा मुद्दा वेगळाच निघाला आणि तो फक्त इंदूरचाच असावा असं मला वाटतं, निदान आपल्याकडे तो मोठा आहे. मालवी जावयाने दुसरा मसुदा वाचला आणि म्हणाला, "मामाजी, 6.58 लिखा है मतलब नौ बजे तक पहुँच जाएँगे।" तो चेष्टा नव्हता करत. त्याच्याकडे बारात रात्री लागते, कार्डावर सात असले तरी साडेआठपर्यंत मॅरेज गार्डनात वेटर आणि घोडीवाला सोडून कोणी नसतं. आपल्याकडे मिनिटावर मुहूर्त, अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं संपता संपता अक्षता, आणि नऊला आलेल्या माणसाला नवरानवरी जेवताना दिसणार. त्यात मेचा महिना, इंदूरला तेव्हा सूर्यास्त सातच्या आसपास, गोरज म्हणजे तीच वेळ, दुपारचं ऊन टाळायला म्हणून तर संध्याकाळ धरली होती. पण गोरज हा शब्द पोरांना माहीत नाही, आणि जावयाला माहीत होता, गोधूलि म्हणून, पण त्याने वेळ काही बदलत नाही.

नुसता मुहूर्त लिहून भागत नाही हे तेव्हा कळलं. त्या वेळेला काय होतं ते लिहावं लागतं. "लग्न 6.58 ला" असं वाचलं तर डोक्यात संध्याकाळचा एक अख्खा कार्यक्रम येतो, ज्यात कधीही शिरलं तरी चालतं. "अक्षता 6.58 ला पडतील" असं वाचलं की कळतं हा एक क्षण आहे, हुकला तर हुकला. आणि त्याच्या खाली पोचायची वेळ वेगळी द्यायची, आम्ही 6.15 दिली, कारण अन्नपूर्णा रोडला संध्याकाळी गाडी लावायलाच २० मिनिटं जातात. जेवण कधीपासून तेही लिहिलं, हे ताईला आवडलं नाही, बोलावण्यात जेवणाची वेळ कशी लिहायची, पण डायबिटीसवाले चौघे होते घरातले, त्यांना ते आधी कळायला हवं असतं.

आता दिसण्याबद्दल. भाचीच्या मैत्रिणीने एक सुंदर इमेज करून दिली होती, गुलाबी, वेलबुट्टी, लपेटदार अक्षरं. ती आम्ही पाठवली, पण मेसेजच्या नंतर, वेगळी. कारण इमेजमधली अक्षरं फोनच्या सेटिंगने मोठी होत नाहीत. माईंच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings, Chats, Font size असं जाऊन Large केलेलं आहे, साधा मेसेज त्यांना आपोआप मोठा दिसतो, इमेज मात्र दोन बोटांनी ताणावी लागते, ताणली की ओळीचं एक टोक बाहेर जातं, मग सरकवायची, तोपर्यंत मागची ओळ विसरलेली. महिन्याने परत पत्ता शोधायचा असेल तर इमेजमधला शब्द सर्च करूनही मेसेज समोर येत नाही. मेसेज मात्र "अन्नपूर्णा" टाईप केलं की लगेच वर येतो.

तिसरा मसुदा मी माईंच्याच फोनवर पाठवून बघितला आणि त्यांच्या शेजारी बसलो. चष्मा लावून त्या वाचत होत्या आणि बोट ओळीखाली धरून. लांब ओळ तिथे तीन ओळींत तुटत होती आणि बोट खाली आणताना त्या एक ओळ सोडून देत होत्या, दोनदा झालं असं. मी ओळी लहान केल्या, तारीख, वेळ, जागा यांच्यामध्ये एकेक रिकामी ओळ सोडली, बोट बरोबर पडायला लागलं. तारीख आणि वेळ ठळक केली, त्यासाठी दोन्हीकडे * ही चांदणी, पण चांदणी आणि अक्षर यांच्यात जागा सोडायची नाही, सोडली तर ठळक होत नाही आणि नुसत्या चांदण्या दिसतात, ताईचं दोनदा तसंच झालं. ठळक दोनच गोष्टी, जास्त केल्या तर सगळंच ओरडतं.

शेवटी गेला तो हा:

```
🙏 नमस्कार!

आमच्या अनघाचं लग्न ठरलं,
निखिलशी. माईंची पहिली नात
बोहल्यावर चढतेय!

*गुरुवार, 22 मे 2025*

अक्षता संध्याकाळी
*बरोबर 6.58* ला पडतील,
6.15 पर्यंत पोचायचं हं.
जेवण 7.30 पासून.

📍 (कार्यालयाचं नाव),
अन्नपूर्णा रोड, इंदूर.
अन्नपूर्णा मंदिराजवळ.

बाहेरगावच्या सगळ्यांची
राहायची सोय 21 पासून केलीये.
किती जण आणि कधी येणार
ते 5 मेपर्यंत कळवायचं.

आहेर नको, तुम्ही सगळे हवेत.

वाट बघतोय,
माई, आणि अनघाचे आई-बाबा
```

"माईंची पहिली नात" ही ओळ दादाकाकांसाठी आहे, घरातलं सगळ्यात मोठं माणूस वरच आलं पाहिजे आणि खाली सहीतही. पण ती पोरांनाही आवडली, कारण माई सगळ्यांच्याच आहेत. "बोहल्यावर चढतेय" मी घातलं, ताईने म्हटलं पोरांना बोहलं कळणार नाही, मी म्हटलं एक शब्द नाही कळला तर विचारतील, सगळंच चपटं करायची काय गरज आहे. विचारलंच, बडोद्याच्या पोरीने, आणि तिला बोहलं समजवता समजवता माईंनी स्वतःच्या लग्नाची अर्धा तास गोष्ट सांगितली फोनवर.

मंदिराची ओळ पत्त्यात दुसऱ्यांदा आल्यासारखी वाटेल, पण रिक्षावाल्याला सांगायला तीच कामाची. लोकेशनचा पिन लगेच पाठोपाठ वेगळा पाठवला, मेसेजच्या आत लिंक घातली तर ती दोन ओळी खाते आणि माईंसारख्यांना वाटतं काहीतरी बिघडलं.

पाठवताना ब्रॉडकास्ट लिस्ट करायचा मोह झाला होता. ती केली नाही कारण ज्यांच्या फोनात आपला नंबर सेव्ह नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि पाठवणाऱ्याला ते सहज कळतही नाही. म्हाताऱ्या मंडळींच्या फोनात नंबर सेव्ह कोण करतं, नातू करतो, कधीतरी. ताईने एकेकाला पाठवला, वर फक्त हाक बदलून, "आत्या, नमस्कार!" "दादाकाका, नमस्कार!" असं. याला दोन संध्याकाळ गेल्या. पण ती एक हाक बदलल्यामुळे उत्तरं आली तीही माणसांना आल्यासारखी आली.

जे चुकलं तेही सांगतो. "किती जण, कधी येणार" याला निम्म्याहून जास्त लोकांनी उत्तर म्हणून 🙏 पाठवला, किंवा "खूप आनंद झाला". आनंद ठीक आहे, पण खोल्या किती धरायच्या? बोलावणं आणि हिशोबाचा प्रश्न एकाच मेसेजात असले की माणूस बोलावण्याला उत्तर देतो आणि प्रश्न राहून जातो, हे मला आधीच सुचायला हवं होतं. ६ मेला ताईने परत एकेकाला एक ओळ पाठवली, "21 ला रात्री आपल्याकडे किती पानं धरू?" आणि त्याच दिवशी बहुतेकांचे आकडे आले. पुढच्या वेळी मी तो प्रश्न पहिल्यापासून वेगळाच पाठवीन, बोलावण्यानंतर तीन-चार दिवसांनी.

"आहेर नको" वर एक काकू थोड्या दुखावल्या, त्यांनी साडी आधीच घेऊन ठेवली होती. ताईने फोन करून सांगितलं की ती तुम्ही अनघाला हळदीला द्या, तो आहेर नाही, ती मिटली गोष्ट. आणि वयस्कर अशा ११ घरांना मेसेज असूनही फोन केलाच, ग्वाल्हेरला तर भाऊजी स्वतः अक्षत घेऊन गेले. दादाकाका म्हणाले मेसेज चांगला होता रे, पण मेसेज म्हणजे मेसेज.

२२ ला मालवी जावई ६ वाजून ५ मिनिटांनी दारात हजर, आम्ही सगळे चाट. म्हणाला, भिया, वो "बरोबर" पढ़ के डर गए थे हम। आत्या तर आदल्या दिवशीच आली होती, येताना पिशवीतून स्वतःचं हिंदी पंचांग घेऊन, आणि आल्या आल्या माईंसमोर उघडून बसली आणि ताईला म्हणाली, हे बघा वैनी, मी काही चुकले नव्हते.

जूनमध्ये देवासहून ताईच्या एका नणंदेच्या घरचं बोलावणं आलं. आमचाच मेसेज, ओळन् ओळ, नावं बदललेली, तारीख बदललेली, जागा बदललेली. फक्त लग्न होतं दुपारी, आणि अक्षता मात्र संध्याकाळी बरोबर 6.58 लाच पडत होत्या.